'झाडिपट्टी'तली वेलांटी

दिवाळी सरली की वडशाच्या छापखान्यांना उसंत नसते. गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतो, रात्री नाटक असते, आणि त्या नाटकाच्या कंपन्यांची बुकिंग कार्यालये वडशातच आहेत. प्रत्येक प्रयोगाला गाव वेगळे, तारीख वेगळी, म्हणून पाम्प्लेटही वेगळे. समजा, छपाईला तयार पीडीएफ हातात आली आणि मथळ्यात 'झाडिपट्टी' असे छापलेले दिसले. 'ड'ला पहिली वेलांटी. ज्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तिचे नाव तिच्याच गावात चुकवून कसे चालेल? पण मूळ फाइल डिझायनरकडे, आणि डिझायनर फोन उचलत नाही.

पहिला मोह असतो पीडीएफ इंकस्केपमध्ये उघडण्याचा. अक्षरे मजकूर म्हणून उघडावीत, तर फाइलमधला फॉन्ट आपल्या संगणकावर नसल्याने दुसराच येऊन बसतो आणि ओळ फिसकटते. आकार म्हणून उघडावीत, तर सगळे हुबेहूब दिसते, पण साठवताना फाइलमधले फॉन्ट गेलेले असतात. शिवाय काळा रंग सहसा आरजीबीत जातो. छापताना तो चार शायांचा होतो आणि कागद जरा सरकला की बारीक फोन नंबरांना रंगीत कडा फुटतात. एका वेलांटीसाठी हा सौदा महागच.

म्हणून आधी `pdffonts patrak.pdf` चालवून पाहावे. `emb` आणि `sub` या दोन्ही रकान्यांत `yes` असेल, तर फॉन्ट फाइलमध्येच आहे, मात्र अर्धामुर्धा: पत्रकात वापरलेल्या अक्षरांपुरताच. आपल्या सुदैवाने 'पट्टी'च्या शेवटी दुसरी वेलांटी आहे. हवा तो आकार त्याच ओळीत, त्याच फॉन्टमध्ये, त्याच मापात पडून आहे.

पीडीएफमध्ये 'डि' असे अक्षर साठवलेले नसते. कोणता आकार कोणामागून काढायचा, एवढाच हुकूम असतो. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून तिचा क्रमांक 'ड'च्या आधी येतो. फाइल उलगडली की हे हुकूम वाचता येतात:

```
qpdf --qdf --object-streams=disable patrak.pdf ughad.pdf
```

मथळ्याची ओळ साधारण अशी दिसेल (क्रमांक प्रत्येक फाइलमध्ये निराळे, आणि बहुधा सलग लिहिलेले):

```
<0021 0045 0047 0029 0033 005A 0049> Tj
<0021 0045 0029 0049 0033 005A 0049> Tj
```

वरची ओळ चुकीची, खालची दुरुस्त. झ, काना, पहिली वेलांटी, ड, प, ट्ट, दुसरी वेलांटी हा वरचा क्रम. त्यातला `0047` काढला आणि 'ड'च्या मागे `0049` ठेवला, बस. फॉन्टला हात लागला नाही, रंगालाही नाही. मात्र एडिटर असा हवा की जो फाइलमधले इतर बाइट बदलणार नाही. साध्या नोटपॅडने साठवले, तर फॉन्टच बिघडू शकतो.

दुसरी वेलांटी पहिलीपेक्षा रुंद असली, तर मथळा थोडा लांबतो. फरक 40 एकके असेल आणि अक्षर 48 पॉइंटचे, तर 40 भागिले 1000 गुणिले 48, म्हणजे 1.92 पॉइंट. मथळा मधोमध असेल तर तो निम्म्याने, 0.96 पॉइंट, डावीकडे सरकवावा. आकडे बदलून फाइलची लांबी बदलली की `fix-qdf ughad.pdf > navi.pdf` चालवून आतले हिशेब जुळवून घ्यावेत.

तपासणी करताना बहुतेक जण फक्त शब्द वाचतात. मी आधी शिरोरेघ पाहीन. मोठे करून पाहिल्यावर 'डी' आणि 'प' यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली, तर रुंदीचा हिशेब चुकला आहे. मग पुन्हा `pdffonts`. फॉन्टांची नावे, `emb` आणि `sub` पहिल्यासारखेच यायला हवे.

यादीत मथळ्याचा फॉन्टच नसेल, तर डिझायनरने तो कर्व्ह करून पाठवला आहे. वडशासारख्या ठिकाणी कोरलड्रॉवरून आलेल्या फाइलींत हे नेहमीचे. तिथे क्रमांक नसतात, रेषाच असतात. पण पहिली वेलांटी काढून, 'ड' तिच्या जागी सरकवून, शेवटची दुसरी वेलांटी सुटी निवडून तिची प्रत 'ड'शेजारी ठेवता येते. अशा पीडीएफवर काम करणाऱ्या, सीएमवायके न मोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच हे करावे.

आणि चूक कलावंताच्या नावात असून हवा तो 'ळ' अख्ख्या पत्रकात कुठेच नसेल, तर या युक्त्या चालत नाहीत. अर्ध्या फॉन्टमध्ये तो आकारच आलेला नाही. दुसऱ्या फॉन्टमधला उसना 'ळ' जाडीत फसतो, आणि नाव ज्याचे त्याला तो लांबूनच दिसतो. तेव्हा बुकिंग कार्यालयातून डिझायनरच्या घरी माणूस धाडावा.