तीन, सहा, नऊ

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त क्षेत्रांच्या प्रकरणात एक वेगळंच उदाहरण आहे. बाजू दिल्या आहेत 3, 6 आणि 9. हा त्रिकोण सोडवायचा नाही. तो होतच नाही, हे ओळखायचं आहे. सरळ बाजूंच्या आकृतीत एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेहून मोठी असेल, किंवा त्या बेरजेइतकी असेल, तर ते ‘अक्षेत्र’ समजावं, असा त्यांचा नियम आहे. त्या मापांच्या सरळ काड्या बाजूंच्या जागी मांडून हे दाखवून द्यावं, असंही ते सांगतात.

तिसरी बाजू कुठून कुठपर्यंत असू शकते, हे आपल्या भागातल्या तीन गावांवरून चांगलं कळतं. हुमनाबादहून कलबुर्गी सरळ रेषेत सुमारे 60 किलोमीटर आहे आणि बीदर सुमारे 45. नकाशा जवळ नाही, दिशाही ठाऊक नाहीत, असं धरू. मग कलबुर्गी आणि बीदर यांच्यात सरळ अंतर किती असेल? दोन्ही गावं हुमनाबादच्या बरोबर विरुद्ध दिशांना असती, तर 60 अधिक 45, म्हणजे 105. दोन्ही एकाच दिशेला एकापुढे एक असती, तर 60 वजा 45, म्हणजे 15. या दोन टोकांना तिन्ही गावं एका रेषेत येतात आणि त्रिकोण उरत नाही. म्हणून त्रिकोण हवा असेल, तर अंतर 15 हून जास्त आणि 105 हून कमी हवं. प्रत्यक्षात ते 100 च्या जरा आत आहे. वरच्या टोकाच्या ते इतकं जवळ आहे, यावरूनच हुमनाबाद त्या दोघांच्या जवळपास मधोमध, रेषेपासून थोडंसं बाजूला असणार, हे कळतं. इथे रस्त्याची किलोमीटरं मात्र वापरता येत नाहीत. रस्ता वळणं घेत जातो आणि हा नियम सरळ रेषांचा आहे.

दोन बाजूंची वजाबाकी ते बेरीज, एवढ्या पट्ट्यात तिसरी बाजू बसली पाहिजे, दोन्ही टोकं सोडून. तिन्ही बाजू आधीच दिलेल्या असतील, तर एकच तपासणी पुरते: सर्वांत लांब बाजू उरलेल्या दोघींच्या बेरजेहून लहान आहे का? मुलं इथे एक चूक हमखास करतात. 3, 6, 9 दिलं की 3 अधिक 9 हे 6 पेक्षा जास्त, झाला त्रिकोण, असं म्हणून ती थांबतात. सर्वांत लांब बाजू बेरजेत घेतली, तर उत्तर नेहमीच ‘हो’ येणार. म्हणून आधी लांब बाजू वेगळी काढायची आणि उरलेल्या दोघींचीच बेरीज करायची.

3, 6 आणि 12 असेल तर काड्या लगेच निकाल देतात. दोन लहान काड्या एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. अडचण बरोबरीच्या वेळी येते. भालकीच्या किंवा औरादच्या शाळेत मुलांना 3, 6 आणि 9 सेंटिमीटरचा त्रिकोण काढायला सांगा. कुणाच्या तरी वहीत तो निघेल, चपटा पण अगदी खरा दिसणारा. त्या मुलाने लबाडी केलेली नसते. पायाची रेघ 9 ऐवजी 8.95 झाली, म्हणजे फक्त अर्धा मिलिमीटर आखूड पडली, तर शिरोबिंदू पायापासून जवळजवळ साडेचार मिलिमीटर वर उचलला जातो. पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक डोळ्यांना नऊपट होऊन दिसते. या टोकाशी कंपासचे दोन चाप एकमेकांना छेदण्याऐवजी जवळजवळ घासून जातात, आणि छेदनबिंदू नेमका कुठे धरायचा हे हातालाच कळत नाही. म्हणून बरोबरीचा निवाडा पट्टीने करू नये, आकड्यांनी करावा.

असा निवाडा करणारं गणित कलबुर्गी जिल्ह्याच्या मातीशी जोडलेलं आहे. सेडम तालुक्यातलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष राजाच्या काळात, 850 च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या दोन रीती आहेत, एक व्यवहारापुरती ढोबळ आणि एक सूक्ष्म. ढोबळ रीत अशी: पायाची निम्मी आणि उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेची निम्मी घ्या आणि गुणा. 3, 6, 9 ला ती लावून पाहिली तर साडेचार गुणिले साडेचार, म्हणजे 20.25 येतात. जो त्रिकोणच नाही, त्याचं क्षेत्रफळ बिनदिक्कत हातात पडतं.

आता सूक्ष्म रीत. तिन्ही बाजूंच्या बेरजेची निम्मी घ्यायची. इथे ती 9. तिच्यातून एकेक बाजू वजा करायची: 6, 3 आणि 0. हे तिन्ही आणि ती निम्मी बेरीज, अशा चारांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. एक अंक शून्य आहे, म्हणून क्षेत्रफळही शून्य. 3, 6, 12 घेतलं तर निम्मी बेरीज 10.5, आणि तिच्यातून 12 वजा केले की उणे दीड उरतात. बाकीचे तिन्ही अंक धन, म्हणून गुणाकार ऋण. आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, हे महावीराचार्यांनी याच ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. म्हणजे सूक्ष्म रीतीच्या पोटातच ती तपासणी आहे. निम्म्या बेरजेतून सर्वांत लांब बाजू वजा करणं आणि उरलेल्या दोघींची बेरीज तिच्याहून मोठी आहे का हे पाहणं, या दोन्ही गोष्टी एकच.

याचा उपयोग जमिनीच्या मोजणीत थेट होतो. समजा, तिकोनी तुकड्याच्या बाजू कुणी 120, 70 आणि 45 फूट सांगितल्या. ढोबळ रीतीने 3450 चौरस फूट निघतात आणि लगेच भावाची बोलणी सुरू होऊ शकतात. पण 70 आणि 45 मिळून 115 होतात, 120 ला पोचत नाहीत. असा तुकडा पृथ्वीवर नाही. कदाचित 54 च्या जागी 45 लिहिले गेले असतील. तसं असेल तर त्रिकोण होतो, आणि सूक्ष्म रीतीने त्याचं क्षेत्रफळ सुमारे 929 चौरस फूट येतं. त्याच 54 ला ढोबळ रीत लावली असती, तर 3720 आले असते, म्हणजे खऱ्याच्या चौपट. त्रिकोण जितका चपटा, तितकी ढोबळ रीत जास्त फसवते.

या तपासणीची हद्दही लक्षात ठेवावी. ती नापास झाली तर निदान एक माप नक्की चुकलं आहे, पण कोणतं, हे ती सांगत नाही. ती पास झाली म्हणून मापं खरी ठरत नाहीत. अशा बाजूंचा त्रिकोण असू शकतो, इतकंच कळतं. म्हणून क्षेत्रफळाला हात घालण्याआधी बेरीज करून पाहावी, आणि बेरीज टोकाच्या जवळ आली तर साखळी पुन्हा टाकून तिन्ही बाजू मोजाव्यात.