लाजेचे मौन आणि भीतीचे मौन

वाचकहो, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात मेहकर असो वा मलकापूर, निकाहच्या दिवशी वधूच्या घरी एक दृश्य आपण सर्वांनीच पाहिले असेल. अंगणात वधूचा पिता प्रत्येक येणाऱ्याशी बोलत असतो. देग उतरली का, गाडी किती वाजता निघाली, यंदा सोयाबीनला काय भाव मिळाला. एक वाक्य संपण्यापूर्वीच दुसरे सुरू होते. आत खोलीत वकील व दोन साक्षीदार मुलीसमोर बसलेले असतात. मेहरची रक्कम सांगून ते तिची अनुमती विचारतात. मुलगी मान खाली घालून गप्प. कुणीतरी वडीलधारी स्त्री म्हणते, "हो म्हणाली," आणि मंडळी उठतात.

धाकधूक दोघांच्याही मनात आहे. मग एकाची जीभ थांबत नाही आणि दुसऱ्याची हलत नाही, असे का?

शरीराच्या पातळीवर आरंभ एकच असतो. श्वास उथळ होतो, तोंड कोरडे पडते, गळ्याचे स्नायू ताठरतात. हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हाचे त्यांचे निवेदन सूरह शुअरामध्ये आहे. तेथे आधी छाती दाटून येण्याचा आणि मग जीभ न चालण्याचा उल्लेख येतो. भीतीने बोलणे अडलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटेल.

यापुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. बोलणाऱ्याला शांतताच असह्य होते. समोरचा गप्प असला की तो आपल्याविषयी काही ठरवीत आहे, असे त्याला वाटते. म्हणून तो ती जागा शब्दांनी भरून टाकतो. गप्प राहणारा प्रत्येक शब्द उच्चारण्यापूर्वी तपासतो, आणि तपासणी संपेपर्यंत बोलण्याची वेळ निघून जाते. यात काही भाग जन्मजात आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांना चार महिन्यांच्या बालकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा नव्या गोष्टीने फार अस्वस्थ होणारा आढळला. पुढे अनोळखी माणसासमोर अशी मुले इतरांपेक्षा कमी बोलत. सर्वच मात्र तशी राहिली नाहीत. उरलेले घर शिकविते. ज्या घरात बोलून रागावणे टळते, तेथे मूल बोलके होते; जेथे उत्तर देणे हाच उद्धटपणा ठरतो, तेथे मुकेपणाच सुरक्षित वाटतो. आपल्याकडे मुलाला पहिले आणि मुलीला दुसरे शिकविले जाते, हे आपण मान्य केले पाहिजे.

आता त्या खोलीकडे परत येऊ. कुमारिका लाजेल, असे हजरत आयशा (रजि.) यांनी म्हटले, तेव्हा तिचे मौन हीच तिची अनुमती, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. ही हदीस सर्वांना पाठ आहे. तिच्यामागील कारण फार थोड्यांना ठाऊक असते. बाराव्या शतकातील इमाम मर्घीनानी यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात ते दिले आहे. मुलीला स्वतःची इच्छा उघड करण्याची लाज वाटते; नकार देण्याची वाटत नाही. म्हणजेच, तिला नकार देता येतो, हे या नियमात गृहीत धरलेले आहे.

म्हणूनच त्या ग्रंथात अटीही आहेत. विचारणारा वली किंवा वलीने पाठविलेला असावा; परका असल्यास मौन पुरत नाही, शब्द हवा. वर कोण, हे तिला ओळखता येईल असे सांगितलेले असावे. मोठ्याने रडणे म्हणजे संमती नव्हे. थट्टेचे हसणेही नव्हे. विधवा वा घटस्फोटित स्त्रीने तर बोलूनच सांगावे लागते.

जिच्या मुखातून "नाही" निघूच शकत नाही, तिच्या गप्प राहण्यावर हा नियम लावायचा कसा? वऱ्हाड दारात आले आहे, जेवण शिजले आहे, खोलीत दहा बायका आहेत. त्या क्षणी लाजेचे मौन आणि भीतीचे मौन बाहेरून सारखेच दिसते, आणि अनुभवी काझीलाही तेथे भेद करता येणार नाही. माझ्या मते, त्या प्रसंगाने फक्त आधी दिलेल्या उत्तराची नोंद व्हावी. खरा प्रश्न नाते ठरण्यापूर्वी, मुलगी एकटी असताना, जिच्यापाशी ती मोकळी होते अशा आईने किंवा खालाने विचारावा. "तुला पसंत आहे ना?" असे विचारले की उत्तर प्रश्नातच घातलेले असते. "नाही म्हणालीस तर अब्बांना मी सांगेन," एवढे म्हणून थांबावे, आणि पुन्हा दोन दिवसांनी विचारावे. लाजणारी मुलगी इतर विषयांवर बोलती होते, मुलाविषयी काहीबाही विचारतेही. घाबरलेली मुलगी बहुधा सर्वच विषयांवर मिटून जाते, जेवण टाळते, एकटी राहते.

अंगणातील त्या पित्याकडेही एकदा पाहावे. तो भावापासून गाडीपर्यंत सर्व काही बोलतो. मुलीला काय वाटते, एवढे सोडून. त्याला बाजूला घेऊन तेवढेच विचारावे आणि आपण गप्प राहावे.