गौरीची पाठवणी

कर्जतला उल्हास आणि खालापूरला पाताळगंगा भरून वाहत असते, तेव्हा गौरी निघतात. अनुराधा नक्षत्रावर आलेली, ज्येष्ठावर जेवलेली गौर मूळ नक्षत्रावर जाते. मुक्काम वाढत नाही. पाठवणीचं गाणं फुगडीच्या चालीचं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. भाव मात्र सासरी निघालेल्या लेकीच्या आईचा: पुन्हा कधी येशील, वाटेत जपून जा. ठेका जलद आहे म्हणून बरं. संथ चालीत हे बोल कुणाच्याच्याने पुरे झाले नसते. गौर पाण्यात सोडली की काठावरचे चार खडे बायका घरी आणतात, धान्याच्या कणगीत टाकतात. यंदा नदीवर गेलात, तर ढोलकीच्या आडचे शब्दही ऐका.