रोजचा फोटो कोणासाठी?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घरी नर्स पुरवणाऱ्या एका एजन्सीसाठी मी जाहिराती लिहितो. त्या दिसतात मात्र दुबईत आणि न्यू जर्सीत. आमच्या बोलण्यात पैसे देणारा मुलगा 'क्लायंट' असतो आणि इथली आई 'केस'.

माझी सगळ्यात चाललेली ओळ होती, 'आईचा रोज एक फोटो, तुमच्या मोबाइलवर.' उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे दहा. त्या वेळेला बीपीचा आकडा आणि फोटो पोचला की मुलाचा दिवस निवांत जातो.

बदलापूर पूर्वेच्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्या अंथरुणाला खिळून होत्या. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर सतत दाब राहतो, तिथलं रक्त अडतं आणि कातडी मरू लागते. सुरुवातीला गोऱ्या अंगावर नुसता लाल डाग दिसतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो क्षणभर पांढरा झाला तर ठीक. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली समजायचं. सावळ्या अंगावर तो लाल रंग नीट दिसतही नाही, म्हणून हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का ते बघावं लागतं.

यातलं काहीच फोटोत येत नाही. साडेसातला मावशी आजींचे केस विंचरायच्या, उशीला टेकवून बसवायच्या. फोटो छान यायचा. रात्रपाळीची बाई दोनला उठली का, हे विचारायला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. डाग आंघोळ घालताना मावशींना दिसला. मावशी म्हणजे नर्स नव्हेत. नर्सिंगचा कोर्स आणि कौन्सिलची नोंदणी त्यांच्याकडे नाही. जाहिरातीत मी त्यांना 'प्रशिक्षित स्टाफ' लिहिलं होतं. हे खोटं आहे का, यावर मी स्वतःशीच बरेच दिवस वकिली केली.

मी रकाना सुचवला: किती वाजता, कुठल्या कुशीवर, पाठ पाहिली का. साहेब म्हणाले, "असलं वाचून क्लायंट घाबरतो रे."

घाबरायला हवं तिथे न घाबरू देण्याचेच पैसे आम्ही घेतो का? पण मुलालाही सरसकट दोष देववत नाही. इतक्या लांबून त्याला विकत घेता येण्यासारखं फोटोशिवाय आम्ही पुढे ठेवलंच काय होतं?

आजींना मी एकदा विचारलं, फोटो चालतो ना? सही त्यांच्या मुलाची होती, त्यांना आधी कोणी विचारलंच नव्हतं.

"चालतो की," त्या म्हणाल्या. "पण काढून झाल्यावर मला आडवं करायला सांग, बाळा. विसरतात."