बैरंग उत्तर

आमच्या घराण्यात कुणालाही काहीही विचारलं की उत्तर सविस्तर मिळतं. आजोबांना कुणी रस्ता विचारला तर ते माणसाला घरात बोलावत, गूळ-पाणी देत, आणि मग तो रस्ता कुणाच्या कारकीर्दीत झाला तिथून सुरुवात करीत. वडिलांनी हा वारसा पोस्टकार्डावर चालवला. समोरची बाजू, मागची बाजू, मग समासात उभं लिहीत लिहीत ते पत्त्याच्या चौकटीपर्यंत जाऊन थडकत. मी निवृत्त झाल्यापासून तोच वारसा मोबाइलवर चालवतो. फरक एवढाच, की मोबाइलला समास नसतो. त्यामुळे मी थडकत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी माझी धाकटी बहीण शालू हिचा निरोप आला. ती दापोलीच्या अलीकडे एका वाडीत राहते. सासरे चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले होते, जमीन त्यांच्याच नावावर होती, आणि नवऱ्याचे गुडघे दुखतात म्हणून सगळी कागदपत्रं हिच्याच गळ्यात. निरोप एका ओळीचा होता : ‘अण्णा, वारसनोंदीला तलाठ्याकडे काय काय न्यायचं?’

एवढी सोन्यासारखी संधी मी सोडतो होय? आमच्याकडे नुकतीच अशी नोंद झाली होती. ती फाइल काढली, पंख्याखाली पसरली, आणि एकेका कागदाचा फोटो काढला. अकरा झाले. चिरंजीव जाता जाता म्हणाले, “बाबा, असे पाठवलेत तर अक्षर फुटेल. डॉक्युमेंट करून पाठवा.” पाठवले. शिवाय कुणीतरी मला पाठवलेली नियमांची चौदा पानी स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली. शिवाय एका गृहस्थानं वारसनोंदीवर केलेला व्हिडिओ पाठवला. शेवटी दोन हात जोडले, आणि बहिणीचं आपण किती करतो ह्या समाधानात दुपारी झोपलो.

तिसऱ्या दिवशी शालूचा फोन आला. फोनच, कारण निरोप पाठवायला तिच्याकडे नेट उरलं नव्हतं.

“अण्णा, तुझ्या उत्तराचे एकोणीस रुपये झाले हो! आणि न्यायचं काय ते अजून कळलं नाही.”

मला वाटलं, थट्टा करतेय. मग तिनं हिशेब सांगितला. तिच्या रिचार्जवर अठ्ठावीस दिवसांना दोन जीबी मिळतात. भागाकार केला तर दिवसाला त्र्याहत्तर एमबीच्या आसपास पडतात. आता माझं उत्तर बघा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तो दाबून लहान होत नाही, जसाच्या तसा जातो. माझा एकेक फोटो चार एमबीचा, म्हणजे अकरांचे चव्वेचाळीस. पीडीएफ अठरा. व्हिडिओ अडतीस. बरोब्बर शंभर. बहिणीच्या एका ओळीला मी तिच्या दीड दिवसाचा शिधा खाऊन उत्तर दिलं होतं. महिना संपत आला होता, शिधा आधीच तळाला गेलेला, म्हणून तो तिथंच संपला आणि एकोणीस रुपयांचं पाकीट वर टाकावं लागलं.

पैशांचं एक वेळ सोडा. वाडीत रेंज धड नाही, ती मिळते वरच्या माळावर, आंब्याच्या झाडाखाली. तिथंही वेग असा, की सेकंदाला दहा-बारा केबी आले तर देव पावला. त्या वेगानं माझा एक फोटो उतरायला पाच मिनिटांहून जास्त लागतात, आणि शंभर एमबीला दोन तास सहज. मधेच रेंज गेली तर आणखी. म्हणजे माझ्या दुपारच्या झोपेइतका वेळ ती त्या आंब्याखाली हात वर करून उभी होती.

“अगं, मग उघडायचं नाहीस!” मी म्हणालो. “बाणाशेजारी आकडा लिहिलेला असतो, किती एमबी ते. दाबलं नाही तर उतरत नाही.”

“ते दिसलं मला. पण थोरल्या भावानं पाठवलंय, न बघून कसं चालेल? त्यातलंच एखादं कामाचं असलं तर?”

ह्यावर मी निरुत्तर झालो. आमच्या घराण्यात हे क्वचित घडतं.

पूर्वी बैरंग पत्र म्हणून एक प्रकार असे. तिकीट न लावता पत्र पेटीत टाकायचं. पोस्टमन ते आणून दारात उभा राही आणि न भरलेल्या टपालखर्चाच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल करी. पैसे नसतील तर पत्र परत करण्याची मुभा होती. पण दारात आलेलं पत्र परत करायला छाती लागते. आतमध्ये काय असेल कुणास ठाऊक, ह्या धास्तीनं माणूस डब्यातली नाणी काढायचाच. बैरंग पाठवणाऱ्याचा जोर त्या धास्तीवरच असे. तारेचं उलट होतं. तिथं शब्दागणिक पैसे पाठवणारा मोजे, त्यामुळे वडिलांसारखा पाल्हाळिक माणूससुद्धा तारघरात गेला की ऋषीसारखा बोले. २०१३ साली तार बंद झाली. मोबाइल आले तेव्हा प्रथम प्रथम आपल्याकडे फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. ते २००३ साली थांबले, आणि आपली समजूत झाली की घेणाऱ्याला आता काही पडत नाही. फोनपुरतं ते खरं आहे. निरोपाचं मात्र पाठवणाऱ्याला जितकं पडतं तितकंच घेणाऱ्यालाही पडतं. माझ्याकडे वायफाय, म्हणून मला ते दिसलं नाही इतकंच. मी बहिणीला शंभर एमबीचं बैरंग पत्र पाठवलं होतं.

त्या रात्री माझ्यातला ऋषी जागा झाला. चिरंजीवांना विचारलं, तर ते म्हणाले की मजकुराला काहीच लागत नाही, इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि मराठीला तीन. चारशे मराठी अक्षरं म्हणजे बाराशे बाइट, एक केबीपेक्षा जरासं जास्त. त्यांतलं पहिलं वाक्य ऐकायचं सोडून मी दुसऱ्यालाच चिकटलो. तीन! म्हणजे मराठी लिहून मी बहिणीला तिप्पट भुर्दंड घालत होतो! लगेच रोमन लिपीत, तेही तारेच्या भाषेत, निरोप पाठवला : मृत्यूचा दाखला, आठ-अ, दोन ‘पी-ए-एन’.

मला म्हणायचं होतं, आठ-अ च्या उताऱ्याची दोन्ही पानं ने. तिच्या सासऱ्यांचे गट बरेच, त्यामुळे उतारा दुसऱ्या पानावर जातो, आणि लोक पहिलंच पान घेऊन जातात. शालूनं वाचलं ‘पॅन’. ती आपलं आणि नवऱ्याचं अशी दोन पॅनकार्डं घेऊन एसटीनं गेली. तलाठ्यानं ती कौतुकानं पाहिली आणि परत दिली. वारसांच्या नावांचं प्रतिज्ञापत्र माझ्या निरोपात नव्हतंच, तेही राहिलं. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून, नाहीतर माझी ही काटकसर तिला एकोणीस रुपयांहून नक्की महाग पडली असती. दिवस बुडाला तो वेगळाच.

तेव्हा मी शांतपणे हिशेब मांडला. मराठी सोडून मी वाचवले होते किती? चारशे अक्षरांचा निरोप धरला तरी आठशे बाइट. आधीच्या एका फोटोत तशा पाच हजार बचती मावल्या असत्या. गंगेत घोडे सोडून मी तांब्यातलं पाणी मोजत बसलो होतो. साध्या एसएमएसची गोष्ट निराळी. तिथं इंग्रजी एकशे साठ अक्षरं एका निरोपात बसतात आणि मराठी सत्तरच, त्यामुळे लांबलं की एकाचे दोन निरोप होतात. पण इंटरनेटवरून जाणाऱ्या मजकुरासाठी आपली भाषा सोडण्याचं काही कारण नाही.

आणि मग ध्यानात आलं की माझी पहिली चूक आणि दुसरी चूक एकच होती. पहिल्यांदा मी सगळी फाइल ढकलली, कारण चौदा पानांतून तिच्या कामाच्या चार ओळी निवडायचा मला कंटाळा होता. दुसऱ्यांदा तीन शब्द फेकले, कारण नीट वाक्य लिहायचा कंटाळा होता. दोन्ही वेळा माझे कष्ट वाचले, आणि ते तिनं भरले, एकदा पैशात आणि एकदा एसटीच्या बाकावर. उत्तर जड आहे की त्रोटक, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की निवडण्याचं काम कुणी केलं?

म्हणून तिसरं उत्तर लिहायला बसलो. पहिल्या ओळीत थेट काय न्यायचं ते : ‘अर्ज, मृत्यूचा दाखला, आठ-अ चा उतारा (दोन्ही पानं), आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र.’ म्हणजे निरोप उघडायच्या आधी वरची ओळ दिसते तिथंच तिला निम्मं कळावं. खाली, प्रत्येक कागद कुठं मिळेल त्याची एकेक ओळ. प्रतिज्ञापत्राचा नमुना फोटो न पाठवता मी एका बोटानं टाइप केला. पाऊण तास लागला, मान आखडली, पण हजार अक्षरांचं वजन तीन केबी भरलं, आणि तिला त्यात नावं बदलून वापरता आलं. फोटो एकच खरा लागणार होता, अर्जाच्या कोऱ्या छापील नमुन्याचा. त्याच्या कडेचं माझं टेबल, पंख्याची सावली नि चहाचा कप कापून टाकला आणि तो साध्या फोटोसारखा पाठवायचा ठरवला, तेव्हा चार एमबीचा सव्वाशे केबी झाला. तोही आधी विचारून : ‘नमुन्याचा फोटो आहे, सव्वाशे केबी. हवा असेल तर सांग.’ तिनं सांगितलं, नको, तलाठ्याकडे कोरा अर्ज मिळतो.

एक शोध असाही लागला, की आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरची रोजची फुलं नि सूर्योदय तिच्या फोनमध्ये न विचारता उतरत होते, कारण फोटो आपोआप घ्यायची सोय मुळातच चालू असते. ती मी तिला फोनवरून बंद करायला लावली. पण ह्या सोयीची मर्यादा मी पाहिली आहे. फुलं थांबतात. थोरल्या भावाचं पाकीट आलं की बहीण ते उघडतेच. तिथं बटण माझ्याकडेच असलं पाहिजे.

माझ्या तिसऱ्या उत्तराला तिचं उत्तर आलं, ‘मिळालं’. मी मोजलं, अठरा बाइट. पुढं नोटीस निघाली, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला.

परवा सकाळी तिचा फोटो आला. पहिल्या पावसात भिजलेलं शेत, बांधावर नवरा गुडघ्यांवर हात ठेवून उभा, आणि खाली एक ओळ : ‘आता आमच्या नावावर.’ पाठवणाऱ्यालाही नेट लागतंच, म्हणजे हा खर्च तिनं आपल्या शिध्यातून, माळावर उभं राहून केला होता.

त्याचं वजन किती होतं ते मात्र मी पाहिलं नाही.