बोलणाऱ्या वडिलांबरोबर राहताना

उन्हाळ कांदा ट्रॅक्टरमध्ये भरायचा, नामपूरच्या बाजार समितीत रांगेला लावायचा, लिलाव झाला की माल खाली करून हिशेबपट्टी घ्यायची आणि घरी परतायचं. मोसम खोऱ्यातल्या चाळिशीच्या शेतकऱ्याला यातलं काहीच नवीन नाही. जड जातं ते घरच्या ओट्यावर बसलेल्या वडिलांचं, नानांचं, पुढचं वाक्य. ‘काय भाव गया रे?’ भाव सांगितला की लगेच, ‘थांबाले जोयजे व्हतं.’ पुढच्या खेपेला थांबून पाहिलं आणि भाव उतरला, तर ‘तेव्हाच का विकला नाही?’ डाळिंबाचा कोणता बहार धरला, मजुरी किती दिली, पोराला कुठल्या शाळेत घातलं, कशालाही नानांच्या तोंडून ‘बरं केलंस’ येत नाही. अशी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. काही घरांत नानांच्या जागी आई असते आणि विषय स्वयंपाकाचा किंवा मुलांच्या वळणाचा असतो, एवढाच फरक.

अशा घरातला माणूस रोज भांडतो, नाहीतर वेगळं व्हायचा विचार करतो. पण चूल वेगळी मांडली तरी विहीर एकच असते, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि बांधावर रोज गाठ पडतेच. शिवाय मनातून ते नकोही असतं. म्हणून खरा प्रश्न उरतो तो हा, की नातं राखून या बोलण्याबरोबर कसं राहायचं?

आधी त्या बोलण्यात काय आहे ते नीट पाहू. ‘थांबायला हवं होतं’ हे वाक्य लिलाव झाल्यावर येतं. उद्याचा भाव विकणाऱ्याला ठाऊक नसतो आणि नानांनाही नसतो. चाळीत ठेवला तर कांदा वजनाला घटतो, काही सडतो, हे दोघांनाही माहीत असतं. त्यामुळे या वाक्यावर वाद घालून कोणीच जिंकू शकत नाही. पण ते बोलणं पोकळही नसतं. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं कधी पेरायचं आणि कधी विकायचं हे ठरवलं, त्याच्या हातून आता तो निर्णय गेलेला असतो. दोष काढणं ही त्याची शेतात उरलेली शेवटची जागा असते. हे कळलं म्हणून टोचणं थांबत नाही, पण आपलं उत्तर मात्र बदलू शकतं.

मुलाच्या बाजूनेही एक गाठ असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि मराठीत ती कि. मो. फडके यांनी चिकाटीने पोचवली. एलिस यांचं म्हणणं असं, की माणसाला इच्छेपेक्षा हट्ट अधिक छळतो. ‘वडिलांनी कौतुक केलं तर बरं वाटेल’ ही इच्छा. ‘त्यांनी कौतुक केलंच पाहिजे, नाहीतर माझ्या कष्टाला अर्थ नाही’ हा हट्ट. नाना ओट्यावर बसलेले दिसताच छातीत आधीच ताण येतो, तो बहुतेक या हट्टातून. इच्छा सोडायची गरज नाही, कारण ती खरी आहे. सोडायचा तो हट्ट, आणि तोही रोज थोडा थोडा, कारण तो लहानपणापासूनचा असतो.

आता प्रत्यक्ष उत्तराकडे येऊ. टीकेत माहिती असेल तर ती घ्यावी आणि तसं सांगावं. ‘चाळीच्या मागच्या बाजूला ओल आहे म्हणता, उद्या बघतो.’ माहिती नसेल तर जेवढं खरं आहे तेवढं मान्य करून थांबावं. ‘थांबलो असतो तर जास्त मिळालेही असते, नाना. आज द्यायचं ठरवलं होतं.’ यापुढे कारणं देऊ नयेत. मजुरांचे पैसे द्यायचे होते, सोसायटीचा हप्ता होता, असं एकेक कारण सांगत गेलं की प्रत्येकावर नवा दोष निघतो आणि पाच मिनिटांचं बोलणं तासावर जातं. हात धुवायला उठावं, चहा घ्यावा, विषय जाऊ द्यावा.

एका गोष्टीवर मात्र रेघ ओढायलाच हवी. सून किंवा नातवंडं समोर असताना होणारा अपमान सहन करत राहू नये. ती रेघ भांडणाच्या भरात ओढता येत नाही. शांत वेळ पाहून, एकट्यात, एकच वाक्य बोलावं. ‘नाना, मला काय बोलायचं ते बोला, पण पोरांसमोर नको. तसं झालं तर मी उठून जाईन.’ आणि तसं झालं की खरंच उठावं, आदळआपट न करता, आणि संध्याकाळी नेहमीसारखं येऊन बसावं. परत येऊन बसणं उठण्याइतकंच महत्त्वाचं आहे. त्यातूनच वडिलांना कळतं, की मुलगा त्या बोलण्यापासून दूर गेला, आपल्यापासून नाही.

सुरुवातीला हे उलटंच पडल्यासारखं दिसेल. नेहमीचं भांडण मिळेनासं झालं की बोलणं काही दिवस वाढतं, आवाज चढतो, जुन्या चुका निघतात. इथेच बहुतेक जण हात टेकतात. आठ दिवस गप्प राहून नवव्या दिवशी भडका उडाला, तर जास्त बोललं की उत्तर मिळतं, एवढंच समोरच्याच्या मनात पक्कं होतं.

सहवासाचा हिशेबही करायला हवा. लंडनमध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या घरांचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. फार दोष काढणाऱ्या घरांतही ज्यांचा समोरासमोरचा सहवास आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी होता, त्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. ते आजारी माणसांबद्दलचं निरीक्षण आहे, तो आकडा आपल्या घराला तसाच लावता येणार नाही. पण बोलण्याइतकाच ते किती वेळ कानावर पडतं याचाही विचार करावा, एवढं त्यावरून सुचतं. म्हणून नुसतं समोरासमोर बसणं कमी करून काहीतरी काम बरोबर करावं. नानांना डाळिंबाच्या बागेत फिरवून कुठल्या झाडावर तेल्या दिसतो ते विचारावं. नजर झाडाकडे असली की पोराकडे कमी जाते, आणि त्यांच्या अनुभवाला खरं काम मिळतं.

एक सावधगिरी. स्वभाव आधी असा नव्हता आणि वर्षभरातच चिडचिड, संशय वाढला असेल, तर त्याला हट्टीपणा म्हणून सोडू नये. ऐकू कमी येत असेल, नैराश्य असेल, विसरभोळेपणाची सुरुवात असेल. डॉक्टरांना दाखवावं. आणि बोलण्याच्या जागी हात उगारला जात असेल, तर वरची कोणतीही युक्ती पुरत नाही. तिथे अंतर ठेवणं हेच योग्य.

वडील बदलतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. काही नाना शेवटपर्यंत ‘बरं केलंस’ म्हणत नाहीत. म्हणून आपली वाटचाल त्यांच्या शब्दांवर मोजू नये. पूर्वी दुपारचं एक वाक्य रात्री झोप उडवायचं आणि त्याचा राग बायकोपोरांवर निघायचा. आता ते चहा होईपर्यंत टोचतं आणि आपण पाणी धरायला जातो. एवढा फरक पडला, तरी मोठा आहे. आपल्या पोरांना वारशात हा फरक मिळतो.