मधला खांब

छपराखाली बसणाऱ्याला छपराची आठवण सहसा होत नाही. ते गळू लागले म्हणजेच तो मान वर करतो. मी मात्र ज्या वर्गात शिकवतो, त्याच्या छपराकडे दिवसातून एकदा तरी पाहतो. ते गळत नाही. परंतु ते बांधले जात असताना माझ्या हातून एक अन्याय होता होता राहिला, त्याची ती खूण आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातल्या आमच्या गावी शाळेला एक मोठी खोली बांधायची ठरली. रुंदी वीस फूट, वर मंगलोरी कौले. आमच्याकडच्या जुन्या घरांत छपराचे गणित सोपे असते. मधोमध खांब, खांबांवर आढे, आणि आढ्यापासून भिंतीपर्यंत दोन्ही अंगांना उतरणारे वासे. आढ्याला खालून आधार असल्यामुळे वासे भिंतीवर नुसते विसावतात, तिला बाहेर ढकलत नाहीत. पण वर्गाच्या मध्ये खांब आले तर निम्म्या मुलांना फळा दिसायचा नाही. तेव्हा खांब नकोत आणि कैच्या हव्यात, हे सर्वांना मान्य होते. वाद पुढेच होता.

कैची म्हणजे काय, हे मला तेव्हा नीटसे ठाऊक नव्हते. दोन तिरकी लाकडे माथ्याशी एकमेकांना टेकतात. त्यांचे पाय बाहेर फाकू पाहतात, म्हणून खाली एक आडवी तुळई त्यांना बांधून ठेवते. माथ्यापासून तुळईच्या मध्यापर्यंत एक उभे लाकूड असते. त्याच्या पायथ्यापासून दोन तिरके टेकू निघतात आणि वरच्या लाकडांना पोटात आधार देतात. वाद पेटला तो या उभ्या लाकडावरून.

गावचे मेस्त्री साठीचे. निम्म्या गावाची घरे त्यांच्या हातची. ते म्हणाले, "खांब तो खांब. माथ्याचा भार तो तुळईवर आणणार. मग तुळई दहा इंच जाड हवी आणि खांबाचे कुसू तिच्या भोकात बसायला हवे. लोखंड मी लावणार नाही. ते गंजते आणि लाकूड खाते."

इंजिनिअर पंचविशीचा, तालुक्याहून येणारा. त्याच्या नकाशात तुळई चार इंच रुंद आणि सहा इंच उंच होती, आणि खांबाला ती लोखंडी पट्टीने खालून लटकवलेली होती. तो म्हणाला, "मेस्त्रीकाका, हा खांब उभा राहत नाही, हा लोंबतो."

मेस्त्री हसले. लोंबणारा खांब त्यांनी साठ वर्षांत पाहिला नव्हता.

निर्णय माझ्यावर आला, कारण बांधकामाचा हिशेब माझ्याकडे होता. मी मॅट्रिकपुढे गेलो नाही. छपरातले मला काय कळणार? पण मी कादंबऱ्या लिहितो, आणि कादंबरीकाराला एक वाईट खोड असते. त्याला गोष्टीचा शेवट आधी दिसतो. पिकल्या केसांचा कारागीर आणि कोऱ्या पदवीचा तरुण समोरासमोर आले की शेवटी कोण जिंकणार, हे आम्ही पहिल्या पानावरच ठरवलेले असते. मी मनातल्या मनात मेस्त्रींच्या बाजूने कौल देऊन टाकला होता. माझ्या डोक्यावर पदवीचे दडपण असते तर तो तितक्याच झटकन दुसऱ्या बाजूला गेला असता. दोन्हीकडे मी माणसे तोलत होतो. लाकूड तोलायचे राहूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बांबूच्या कांबी घेऊन आला. त्याने हातभर लांबीची एक कैची केली. सांध्यांना सैल खिळे, आणि मधल्या खांबाच्या जागी चक्क सुतळी! मेस्त्रींकडे पाहून तो म्हणाला, "सुतळी काही भार पेलून उभी राहत नाही, हे तुम्हाला मान्य ना?" मग त्याने कैचीचे दोन्ही पाय दोन विटांवर ठेवले आणि तिरक्या कांबींच्या मध्यावर एकेक धोंडा टांगला. सुतळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ झाली. कैची उभीच राहिली. मग त्याने सुतळी कापली. तत्क्षणी टेकूंनी तुळईचा मध्य खाली रेटला आणि ती कांब धनुष्यासारखी वाकली.

मेस्त्री बराच वेळ उकिडवे बसून राहिले. नंतर त्यांनी स्वतः नवी सुतळी बांधली, स्वतः धोंडे टांगले, स्वतः ती कापली. उठून म्हणाले, "माथ्याने तुळई वर धरली आहे. पट्टी हवी. नुसते कुसू उपटून येईल."

मी कादंबरीचा शेवट उलटा फिरवू लागलो होतो. परंतु मेस्त्रींनी नकाशा पुन्हा उघडला आणि तुळईच्या टोकावर बोट ठेवले. तिरक्या लाकडाचा पाय तुळईत जिथे खाच पाडून बसवायचा होता, तिच्यापुढे लाकूड अवघे चार इंच उरत होते.

इंजिनिअरने आकडे दाखवले. एका कैचीच्या वाट्याला पावणेतीनशेच्या आसपास कौले. लाकडासकट भार सुमारे एक टन. त्या पायाचा बाहेरचा रेटा टनाच्या निम्म्याहून थोडा अधिक. चार इंच लाकूड तेवढे सहज सोसते. मेस्त्री म्हणाले, "तुमच्या कागदावरचे लाकूड सोसेल." त्यांनी आवारातल्या ऐनाच्या ओंडक्यांकडे नेले. उन्हाने प्रत्येकाच्या टोकाला चिरा गेल्या होत्या, काही चार-पाच इंच आत. ऐन वाळताना टोकाला फुटतो. त्यांनी असल्याच एका तुकड्यात टोकापासून चार इंचांवर खाच पाडली, तिच्यात पाचर धरली आणि बाहेरच्या दिशेने मोगरी हाणली. तिसऱ्या घावाला पुढचे लाकूड रेषेवरून सोलल्यासारखे निघून गेले. नऊ इंच ठेवलेल्या दुसऱ्या तुकड्याने पंधरा घाव खाल्ले.

आता उकिडवे बसण्याची पाळी इंजिनिअरची होती. त्याने त्या फुटीतून बोट फिरवले आणि पेन्सिलीने नकाशात 'एक वीत' असे लिहिले. इंच लिहिले नाहीत.

त्या दोन दिवसांनी मला एक गोष्ट शिकवली. मान देणे आणि मान तुकवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअर मेस्त्रींच्या वयापुढे गप्प राहिला असता, तर आपण त्याला सुसंस्कृत म्हटले असते. मेस्त्री पदवीपुढे गप्प राहिले असते, तर समंजस म्हटले असते. आणि मुले एका सदोष छपराखाली बसली असती. दोघांनीही 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे म्हटले नाही. एकाने सुतळी आणली, एकाने मोगरी. समोरच्याच्या हाताला कळेल अशा भाषेत आपले कारण मांडणे, आणि त्याचे कारण आपल्या हाताने पडताळून पाहणे, याहून मोठा मान मला तरी ठाऊक नाही. अशा वेळी मधल्या माणसानेही एक पथ्य पाळावे. 'कोण बरोबर?' असे विचारू नये. 'दाखवता का?' असे विचारावे. मी तेही विचारले नव्हते. त्या दोघांनी न विचारता दाखवले, म्हणून मी वाचलो.

ओले लाकूड वाळले की आक्रसते आणि सांधे ढिले होतात. म्हणून पट्ट्यांना पाचरी ठेवल्या आहेत. दर वैशाखात मेस्त्रींचा मुलगा शिडी लावून त्या ठोकतो आणि पट्टीला डांबराचा हात देतो. मी शिडी धरतो. वरून ठोक्याचा आवाज येतो, तेव्हा तो खांब लोंबतो आहे, हे मी स्वतःला पुन्हा एकदा सांगतो. अजूनही माझ्या डोळ्यांना तो उभाच दिसतो.